रुग्णासाठी मदतीचे आवाहन करताना: रक्कम, खाते आणि हिशेब यांची मांडणी

'अर्जंट! आपल्या सोसायटीतील दिलीपराव फार सिरीयस आहेत. दहा लाखांची गरज आहे. जमेल तेवढे या नंबरवर पाठवा. पुढे फॉरवर्ड करा.' गटावर असा संदेश येतो आणि पंधरा मिनिटांत प्रश्न सुरू होतात. कोणते रुग्णालय? कंपनीचा विमा नव्हता का? सरकारी योजनेत का बसत नाही? हा नंबर कोणाचा? प्रश्न रास्त असतात, पण ते जिथे विचारले जातात त्याच गटात रुग्णाची पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगीही असते, आणि त्या दोघी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून ते सारे वाचत असतात. म्हणून या लेखातील सर्व सूचनांमागे एकच कसोटी आहे: पैशांविषयीचा जो प्रश्न कोणाला पडू शकतो त्याचे उत्तर संदेशातच असावे, म्हणजे तो कुटुंबासमोर विचारण्याची वेळ येत नाही.

विक्रोळीतील आमच्या दोन विंगच्या इमारतीत अशी तीन आवाहने मी हाताळली. त्यांपैकी तिसरे येथे उदाहरण म्हणून घेतले आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. दिलीपरावांना मेंदूत रक्तस्राव झाला, रात्री शस्त्रक्रिया झाली आणि ते परळच्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते.

१. संमती आणि तीन माणसे

संदेश लिहिण्यापूर्वी कुटुंबातील निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी, येथे दिलीपरावांच्या पत्नीशी म्हणजे वहिनींशी, समोर बसून बोलावे. 'मदत हवी आहे का' एवढेच विचारून भागत नाही. नाव जाहीर करायचे का, आजाराचा उल्लेख किती करायचा, संदेश इमारतीबाहेर गेला तर चालेल का आणि विम्याची रक्कम सांगायची का, असे चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. वहिनींनी पहिल्या दोहोंना होकार दिला. संदेश मुलीच्या कॉलेजच्या गटात जाऊ नये, एवढे मात्र त्यांनी सांगितले. ही अट संदेशात लिहिली गेली.

त्यानंतर तीन कामे तीन माणसांना द्यावीत. एकाने रुग्णालयात जाऊन कागद पाहावेत, दुसऱ्याने जमा-खर्चाची नोंद ठेवावी, तिसऱ्याने लोकांचे फोन घ्यावेत. रुग्णालय फोनवर कोणालाही रुग्णाची माहिती देत नाही आणि ते योग्यच आहे. त्यामुळे 'मी स्वतः जाऊन कागद पाहिले' असे म्हणणारा परिचित माणूस हीच वाचणाऱ्यांसाठी खरी खात्री असते. नोंद ठेवणारा कुटुंबाचा नातेवाईक नसावा.

> तपासा: होकार कुटुंबातील एकाचा आहे की घरात त्यावर बोलणे झाले आहे? दिलीपरावांच्या थोरल्या भावांना आवाहन मान्य नव्हते. ते आधी कळले म्हणून गटावर वाद झाला नाही.

२. रक्कम ठरवणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून या टप्प्याला अर्धा दिवस लागला तरी द्यावा. तोंडी ऐकलेला आकडा कधीही लिहू नये. रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून खर्चाचा अंदाज लेखी, शिक्क्यासह आणि तारखेसह मागावा आणि तो किती दिवसांच्या वास्तव्यासाठी आहे हे विचारून घ्यावे. अतिदक्षता विभागाचे दिवस वाढले की अंदाज वाढतो, आणि दोन आठवड्यांनी 'आधी सहा लाख म्हणत होतात' असे ऐकून घ्यावे लागते. दिलीपरावांचा लेखी अंदाज ६,८०,००० रुपयांचा होता आणि त्यात अतिदक्षता विभागाचे दहा दिवस धरले होते.

त्यातून काय वजा करायचे हे त्यानंतर पाहावे. विम्याचे दोन आकडे असतात: पॉलिसीची कमाल रक्कम आणि टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने, आतापर्यंत लेखी मंजूर केलेली रक्कम. पॉलिसी दोन लाखांची असली तरी मंजुरीपत्र १,४०,००० रुपयांचे होते, म्हणून वजाबाकीत तेच धरले. अंतिम मंजुरी डिस्चार्जच्या दिवशी येते आणि ती कमी-जास्त होऊ शकते, हेही संदेशात एका वाक्यात सांगावे. विमा असल्याचे लपवणे ही तर मोठीच चूक, कारण दिलीपरावांच्या कंपनीत काम करणारा एखादा सहकारी गटावर असतोच.

कुटुंब स्वतः १,५०,००० रुपये घालत होते आणि त्यांपैकी एक लाख डिपॉझिट म्हणून भरलेही होते. नातेवाइकांनी ६०,००० दिले होते. ६,८०,००० मधून १,४०,०००, १,५०,००० आणि ६०,००० वजा केले की ३,३०,००० उरतात. आवाहन एवढ्याच रकमेचे करावे. 'लोक कमीच देतात, म्हणून पाच लाख सांगा' असा सल्ला हमखास मिळतो. तो मानला तर पुढे उरलेल्या पैशांचा हिशेब देताना पहिल्याच वाक्यात अडखळायला होते.

आवाहनाआधी इतर वाटाही पाहिलेल्या असाव्यात, कारण त्यांविषयी प्रश्न येणारच. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत प्रति कुटुंब वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार होतात. रुग्णालय संलग्न आहे का, आणि हा उपचार यादीत आहे का, हे तेथील आरोग्यमित्र सांगतो. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन त्याच्यावर असते. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तेथील समाजसेवा विभागात भेटावे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षाकडचा अर्ज रुग्ण दाखल असतानाच करावा. आमच्या प्रकरणात रुग्णालय योजनेत नव्हते आणि उत्पन्न मर्यादेच्या थोडे वर होते. सवलतीचा अर्ज मात्र आम्ही दिला.

> इशारा: 'सर्व प्रयत्न करून झाले' असे मोघम लिहू नये. कोणता अर्ज केला, कोणता लागू नाही आणि कशाची वाट पाहत आहोत, हे तीन ओळींत लिहावे.

३. पैसे कोणाच्या खात्यात

पहिल्या आवाहनाच्या वेळी घाईत मी माझाच यूपीआय क्रमांक दिला. चार दिवसांत किराण्याचे, दुधाचे आणि मदतीचे व्यवहार एकाच पासबुकात मिसळले आणि एका रात्री कुटुंबासमोर बसून ओळीनओळ वेगळी करावी लागली. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता, तरी ती रात्र मी विसरलेलो नाही.

रुग्णाचे स्वतःचे खातेही चालत नाही. ओटीपी त्याच्या फोनवर येतो, फोन कुलूपबंद असतो आणि तो शुद्धीवर नसतो. शिवाय एकट्याच्या नावावरचे खाते वाईट प्रसंगी वारसाच्या कागदपत्रांशिवाय हाती येत नाही. सोसायटीचे खातेही वापरू नये. बाहेरून आलेली ही रक्कम संस्थेच्या जमेत दिसते आणि लेखापरीक्षणात त्याचे स्पष्टीकरण सचिवाला द्यावे लागते. सर्वांत सोयीचे म्हणजे पत्नीचे किंवा सज्ञान मुलाचे, ज्यात पगार किंवा घरखर्च फिरत नाही असे बचत खाते. वहिनींचे एक जुने, फारसे न वापरलेले खाते होते, तेच आम्ही घेतले. त्याची नोंदवही रोज पाहण्याची मुभा त्यांनी नोंद ठेवणाऱ्याला दिली; व्यवहाराचे अधिकार मात्र त्यांच्याकडेच राहिले.

ज्यांना थेट रुग्णालयातच भरायचे आहे त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या नावाने धनादेशाचा पर्याय ठेवावा. धनादेशाच्या मागे रुग्णाचे नाव आणि दाखल क्रमांक लिहावा, नाहीतर रक्कम कोणाच्या बिलात गेली हे शोधण्यात दोन दिवस जातात. हा क्रमांक संदेशात छापू नये, मागणाऱ्याला खासगीत द्यावा.

रोख रकमेबाबत सावध राहावे. एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे रुग्णालयही मोठे बिल रोखीने घेत नाही. ज्येष्ठ शेजाऱ्यांनी दिलेली रोख त्याच दिवशी बँकेत भरावी आणि भरणा पावतीचा फोटो नोंदीला जोडावा. रस्त्यावर डबा फिरवून किंवा पावत्या फाडून जनतेकडून वर्गणी गोळा करण्याचा विचार असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. ओळखीच्या सदस्यांनी कुटुंबाच्या खात्यात थेट पाठवणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा लेख तिच्यापुरताच आहे.

कराविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, म्हणून तसे आश्वासन कोणी फोनवर देऊन बसू नये. आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की घेणाऱ्याच्या उत्पन्नात तिचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून सर्व बिले जपावीत आणि विवरणपत्र भरण्यापूर्वी सीएला दाखवावीत.

> तपासा: तिन्ही माणसांनी आपापल्या फोनवरून प्रत्येकी एक रुपया पाठवून पाहावा. पाठवताना दिसणारे बँकेतील नाव आणि संदेशात लिहिलेले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नापूर्वीचे आडनाव बँकेत असेल तर संदेशातही तेच लिहून खुलासा करावा.

४. मसुदा

क्रम असा ठेवावा: कोण, काय झाले, किती हवे आणि ते कसे आले, कुठे पाठवायचे, हिशेब कोण ठेवतो, उरले तर काय. आमचा मसुदा असा होता. क्रमांकाच्या जागा येथे रिकाम्या ठेवल्या आहेत.

*दि. १२ जून, सायंकाळी ७. संदेश क्रमांक १. २० जूननंतर कृपया पुढे पाठवू नये.*

*आपल्या बी-विंगमधील दिलीपराव यांच्यावर ९ जूनच्या रात्री मेंदूतील रक्तस्रावामुळे शस्त्रक्रिया झाली. ते परळच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. हा संदेश त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने पाठवत आहोत.*

*रुग्णालयाचा लेखी अंदाज (१० दिवस): ६,८०,००० रु. विम्याची आजवरची मंजुरी: १,४०,००० रु. कुटुंब: १,५०,००० रु. नातेवाईक: ६०,००० रु. कमी पडणारी रक्कम: ३,३०,००० रु. यांपैकी १,२०,००० रु. १५ जूनपर्यंत भरायचे आहेत. विम्याची अंतिम मंजुरी डिस्चार्जच्या दिवशी कळेल. रुग्णालय जनआरोग्य योजनेत नाही. सवलतीचा अर्ज दिला असून उत्तराची वाट पाहत आहोत.*

*खाते दिलीपरावांच्या पत्नीच्या नावे आहे: …… बँक, …… शाखा, यूपीआय ……. पाठवताना 'बी-विंग' असा शेरा लिहावा. थेट रुग्णालयाच्या नावे धनादेश द्यायचा असल्यास फोन करावा.*

*जमा आणि खर्चाची नोंद रोज रात्री ९ वाजता गटावर येईल. ३,३०,००० रु. झाले की आवाहन बंद करू. त्यानंतर आलेली रक्कम परत केली जाईल. उपचार संपल्यावर किंवा कोणत्याही कारणाने थांबल्यावर उरलेली रक्कम आधी घरच्या औषधोपचारासाठी तीन महिन्यांपर्यंत वापरली जाईल. त्यानंतरही उरल्यास, मागणाऱ्याला त्याचा वाटा परत देऊन बाकी सार्वजनिक रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीस देऊ.*

*देणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. कोणाचेही नाव किंवा रक्कम जाहीर होणार नाही. शंका असल्यास कुटुंबाला फोन न करता …… यांना सायंकाळी ७ ते ९ या वेळेत करावा. कुटुंबाची विनंती आहे की हा संदेश शाळा-कॉलेजांच्या गटांत पाठवू नये.*

'कोणत्याही कारणाने थांबल्यावर' या शब्दांकडे लक्ष द्यावे. रुग्ण दगावल्यास पैशांचे काय होईल हे त्यात येते, पण वहिनींना तो शब्द वाचावा लागत नाही.

संदेशाला नळ्या लावलेल्या चेहऱ्याचा फोटो जोडू नये. बरे झालेल्या माणसाला तो फोटो पुढे वर्षानुवर्षे लोकांच्या फोनमध्ये सापडतो. 'घरचा एकमेव कमावता', 'लहान लेकरांकडे पाहून तरी' यांसारखी वाक्ये काढून टाकावीत. अंदाजपत्रक जोडायचे असेल तर आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता आणि दाखल क्रमांक कागदावरच पट्टी चिकटवून झाकावेत आणि मग फोटो काढावा. फोनवर काळ्या पेनने खोडलेले अक्षर कधीकधी चमक वाढवली की वाचता येते.

५. पाठवणे

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश फक्त पंधरा मिनिटे दुरुस्त करता येतो आणि पुढे गेलेल्या प्रतींवर त्या दुरुस्तीचा परिणाम होत नाही. म्हणून आधी तिघांच्या छोट्या गटात पाठवून मोठ्याने वाचावा आणि बेरीज एकाने कागदावर करावी. क्यूआर कोड वेगळे चित्र म्हणून सुटा पाठवू नये. आवाहनाचा मजकूर तोच ठेवून कोड बदलणारे भामटे असतात. मजकूर आणि खातेदाराचे नाव एकाच चित्रात असेल तर बदल लगेच दिसतो.

६. रोजची नोंद

यादीत नावे न देताही प्रत्येकाला आपली रक्कम पोहोचल्याची खात्री देता येते. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार अंक, तारीख आणि जमा झाल्याची खूण एवढेच यादीत लिहावे. आकडे फक्त एकूण बेरजेत द्यावेत. '१३ जून, …४४७१, जमा' ही ओळ ज्याची त्यालाच ओळखू येते, आणि दोनशे रुपये देणाऱ्याला दहा हजारांच्या शेजारी उभे राहावे लागत नाही. रोख देणाऱ्याला चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यावा.

खर्चाच्या बाजूला मात्र आकडा पूर्ण लिहावा: रुग्णालयाला किती, कोणत्या तारखेला, पावती क्रमांक काय. बाहेरच्या औषध दुकानातील बिल रुग्णाच्या नावाने घ्यावे, नाहीतर ते विम्यातही चालत नाही. एखाद्या दिवशी काहीच जमले नाही तरी रात्री ९ ची नोंद टाकावी. नोंद चुकली की शंका सुरू होतात आणि त्यानंतर दुप्पट फोन घ्यावे लागतात.

> इशारा: 'अजून फक्त ४० टक्केच जमले, कृपया मनावर घ्या' असा मजकूर नोंदीत घालू नये. नोंद ही नोंदच राहू द्यावी. दुसरे आवाहन करायचे असेल तर कुटुंबाला विचारून वेगळे करावे.

७. बंद करणे आणि उरलेली रक्कम

१८ जूनला ३,३०,००० रुपये पूर्ण झाले आणि त्याच रात्री 'आवाहन बंद' असा संदेश गेला. जुन्या प्रती फिरत राहिल्याने त्यानंतरही १६,५०० रुपये आले. ते त्याच यूपीआय क्रमांकांवर दोन दिवसांत परत केले. एका गृहस्थांना वाईट वाटले. त्यांना फोन करून वहिनींनीच आभार मानले.

अंतिम बिल ६,३१,००० रुपयांचे आले. विम्याचे १,६०,००० मिळाले आणि रुग्णालयाने सवलतीच्या अर्जावर २०,००० कमी केले, म्हणजे भरायचे राहिले ४,५१,०००. त्यात कुटुंब आणि नातेवाईक यांचे मिळून २,१०,००० होते आणि मदतीतून २,४१,००० गेले. उरलेल्या ८९,००० पैकी ७२,००० तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीवर आणि औषधांवर खर्च झाले.

राहिलेल्या १७,००० रुपयांवरून चर्चा झाली. काहींचे म्हणणे होते की पुढच्या गरजूसाठी इमारतीचा निधी सुरू करावा. विचार चांगला असला तरी कायमचा निधी म्हणजे त्याची नोंदणी, विश्वस्त आणि वार्षिक हिशेब हे सारे आले. शिवाय दिलेला पैसा दिलीपरावांसाठी होता. संदेशात लिहिले होते तसेच केले. आठवडाभराची मुदत दिली, एकाही देणगीदाराने वाटा परत मागितला नाही, आणि वहिनींनी त्या रकमेचा धनादेश महापालिकेच्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात नेऊन दिला. त्या पावतीचा फोटो, अंतिम बिलाचे पहिले पान आणि जमा-खर्चाची बेरीज गटावर टाकली. मूळ कागदांची फाईल वहिनींच्या हवाली केली आणि नोंद ठेवणाऱ्याने खात्यात पाहण्याची आपली मुभा त्यांच्यासमोरच रद्द करून घेतली.